चौथ्या पानावरून परतलेली माणसं

मंडळाची बैठक संपली होती. सतरंजीवर पुरीचे तुकडे आणि भरिताच्या रिकाम्या पत्रावळी तेवढ्या राहिल्या होत्या. रत्ना लॅपटॉपची वायर गुंडाळत असताना सचिव प्रेमराज जवळ आला आणि पाण्याचा ग्लास हातात धरून, हवापाण्याची चौकशी करावी तसा म्हणाला, "ताई, आपल्या डिंपलचा फॉर्म अर्धवट का सोडला हो?"

रत्नाच्या हातातली वायर तशीच राहिली.

"कोणता फॉर्म?"

"आपलाच. परिचय मेळाव्याचा." प्रेमराज हसला. "भरा, भरा. घरच्यांनीच नाही भरला तर लोक कशाला भरतील?" एवढं बोलून तो जिन्याकडे वळला. तिथे रत्नाचे जेठ, म्हणजे थोरले दीर, भाईदास नाना चपला शोधत होते. प्रेमराजने वाकून त्यांच्या चपला पुढे केल्या. नानांना काही ऐकू गेलं की नाही, ते त्यांच्या पाठीवरून कळेना.

रिक्षात बसल्यावरही रत्नाच्या डोक्यात तेच चाललं होतं. तो फॉर्म तिने दुपारी, घरी कोणी नसताना, स्वतःच्या मोबाइलवर भरला होता. नवरा पाइपच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेला होता, डिंपल बँकेत होती. नवऱ्याला सांगितलं नव्हतं. खुद्द डिंपललाही नाही. चौथ्या पानावर येऊन तिने हात मागे घेतला आणि पान बंद केलं. फॉर्म शेवटपर्यंत जाऊन 'सादर करा' दाबल्याशिवाय त्यातलं काहीही मंडळाकडे साठत नाही, हे ती इतरांना छातीठोकपणे सांगत आली होती. मग प्रेमराजला कळलं कसं?

रत्ना मूळची भडगावची. बी.एस्सी. झाली, लग्न होऊन जळगावात पिंप्राळ्याला आली, आणि मुलगी शाळेत जायला लागल्यावर एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवू लागली. क्लास बंद पडला तसं लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देणं, छोट्या संस्थांच्या वेबसाइट सांभाळणं, हे काम तिने घरूनच धरलं. स्वभाव पहिल्यापासून संशयी. दाराला कुलूप लावलं की ते ओढून बघायची, जिना उतरायची, आणि पुन्हा वर जाऊन ओढून बघायची. डिंपल चिडवायची, "आई, कुलपालाच आता वाटत असेल की आपल्यात काहीतरी खोट आहे."

त्या संशयी स्वभावामुळेच मंडळाचं हे काम चोख झालं होतं, असं तिला वाटत होतं. समाजाचा वधू-वर परिचय मेळावा दरवर्षी भरतो. पूर्वी कागदी फॉर्म असत. यंदा कमिटीने ठरवलं, नोंदणी वेबसाइटवर. रत्नाने पाच पानांचा फॉर्म आखला आणि धुळ्याच्या मयुरीकडून तो बनवून घेतला. मयुरी तिची क्लासमधली जुनी विद्यार्थिनी. आता देवपुरात राहून अशीच कामं करायची. पहिल्या पानावर मुला-मुलीची माहिती, दुसऱ्यावर पालकांचा मोबाइल, तिसऱ्यावर मूळ गाव आणि मामांचं आडनाव, चौथ्यावर ओळख देणारे दोन नातेवाईक, पाचव्यावर फोटो आणि 'सादर करा'.

महिना उलटला तरी नोंदणी म्हणावी तशी होईना. प्रेमराज हवालदिल झाला. त्याचा वहीम सुरतच्या मंडळावर होता. "आपले लोक इथे येतात, बघतात आणि तिकडे जाऊन नाव नोंदवतात. मला नावं द्या. एकेकाला फोन लावतो."

"नावं देता येणार नाहीत," रत्ना तेव्हा म्हणाली होती. "लोक कुठे थांबतात, ते मात्र सांगता येईल."

मग मयुरीने प्रत्येक पानावर खुणा बसवल्या. पान उघडलं की एक खूण, पान पूर्ण झालं की दुसरी, चूक दाखवली गेली तर तिसरी. ती खूण मोजदादीच्या एका तयार सेवेकडे जायची. खुणेबरोबर जायचं ते एवढंच: पानाचा क्रमांक, चुकीचा प्रकार, आणि फॉर्म उघडताना यंत्राने आपोआप पाडलेला एक आंधळा क्रमांक. तो क्रमांक एका माणसाच्या एका प्रयत्नापुरता. पान बंद केलं की मेला. त्याचा उपयोग इतकाच, की पहिल्या पानावरचा माणूस आणि चौथ्या पानावरचा माणूस एकच, हे कळावं. नाव नाही, मोबाइल नाही, रकान्यात काय टाइप केलं ते नाही.

प्रेमराजने तेव्हा तालुका तरी घाला म्हणून गळ घातली होती. रत्नाने तोही घालू दिला नाही. "बोदवडहून एकच घर आलं असेल, तर बोदवड म्हणजे ते घरच झालं ना भाऊ? मग नाव लपवून काय उपयोग?"

"ताई, तुम्ही तर सीबीआयवाल्या," प्रेमराज म्हणाला होता, आणि सगळे हसले होते.

आकडे आले तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. पहिल्या पानावर आलेल्या शंभरांतले नव्वदच्या आसपास तिसऱ्या पानापर्यंत सुखरूप जात होते. चौथं पानही उघडत होते. आणि तिथून पाचव्यावर पोचत होते जेमतेम तीस. चूक दाखवल्याच्या खुणा चौथ्या पानावर जवळपास नव्हत्याच. म्हणजे लोक अडखळत नव्हते. पान बघत होते आणि निघून जात होते.

आणि त्या निघून जाणाऱ्यांत आता रत्नाही होती.

घरी आल्यावर तिने आधी डिंपलला चाचपून पाहिलं. "काय गं, तुला प्रेमराजकाकांचा फोनबिन आला होता का?"

"मला कशाला येईल?" डिंपल कांदे चिरत होती. "का? काय झालं?"

"काही नाही. सहज."

"तुझं सहज म्हणजे आतून पक्कं काहीतरी असतं."

रत्ना बाहेरच्या खोलीत गेली. डिंपलला कळायला नको होतं. दोन वर्षांपूर्वी डिंपलचा साखरपुडा धुळ्याच्या एका घरात झाला होता. स्थळ भाईदास नानांनी आणलं होतं. लग्नाच्या पत्रिका छापायला टाकायची वेळ आली आणि मुलाकडून निरोप आला: जमणार नाही. कारण दिलं नाही. मग ते कारण ज्याने त्याने आपापल्या परीने पुरवलं. कोणी म्हणालं मुलीची नोकरी, कोणी म्हणालं कुंडली, आणि काहींनी तर न बोलता नुसत्या भुवया उंचावल्या. नानांना तो आपल्या नावाला लागलेला बट्टा वाटला. "आता काही दिवस पोरीचं नाव कुठे काढू नका. मी सांगेन तेव्हा," असं त्यांनी भर घरात सांगितलं. नाना मंडळाचे खजिनदार. त्यांना विचारल्याशिवाय फॉर्म भरायचा, तर चौथ्या पानावर नातेवाईक म्हणून कोणाचे नंबर टाकायचे? जेठांना सोडून दुसऱ्याचा टाकला तर समाजात प्रश्न. त्यांचा टाकला तर पानाखाली लिहिलेलंच होतं, 'या नातेवाइकांना मंडळातर्फे संदेश जाईल.' ते वाक्य घालायला कमिटीनेच सांगितलं होतं. आणि ते टाइप केलं होतं रत्नानेच.

मग तिचा संशय मयुरीवर गेला. मयुरीची मावशी धुळ्याला त्याच गल्लीत राहते, जिथे ते मोडलेलं स्थळ. पोरीच्या हातात सगळी वेबसाइट. बघितलं असेल, मावशीजवळ बोलली असेल, मावशीकडून प्रेमराजच्या बायकोकडे. धागा तिचा तिनेच विणला आणि तो तिला पक्का वाटू लागला.

सकाळी तिने मयुरीला फोन लावला. आवाज गोड ठेवला. "मयुरी, मला सांग, अर्धवट फॉर्म कोणाचे, हे तुला तिथे दिसतं का गं?"

"नाही मॅडम. आपण ठेवतच नाही ना."

"तुला दिसत नाही, की तू बघत नाहीस?"

"मॅडम, तुम्ही सरळ विचारा ना. कोणी काही बोललं का?"

"बोललं नाही. पण मावशी बऱ्या आहेत ना तुझ्या?"

"मावशीचा काय संबंध?" मयुरीचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "अच्छा. म्हणजे मी सांगितलं असं वाटतंय तुम्हाला. मॅडम, तुमच्याकडेच शिकले मी. खुणेत काय जातं ते लिहून दिलंय तुम्हाला. क्रमांक, पान, चूक. चौथं काही निघालं तर काम सोडते मी." आणि तिने फोन ठेवला.

रत्नाला जरा लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून संशय गेला असं झालं नाही. तो फक्त थोडा बाजूला सरकला.

तो पार हलवला पुष्पाबाईंनी. पुष्पाबाई मुक्ताईनगरच्या. केळीच्या बागा, घरचं मोठं खटलं, थोरली मुलगी लग्नाची. रत्नाची आणि त्यांची ओळख मेळाव्यातलीच. वेबसाइट नवीन होती तेव्हा पुष्पाबाईंनी फोन करून दहा वेळा विचारलं होतं, मधेच सोडलं तर कोणाला कळत नाही ना? आणि रत्नाने दहाही वेळा सांगितलं होतं, नाही. आता त्यांचा आवाज दगडासारखा होता.

"रत्नाताई, तुमचा तो सचिव मला फोन करतो. म्हणतो, मावशी, चौथ्या पानावर अडलं का, मी मदत करू का? मी म्हटलं, तुला कोणी सांगितलं मी चौथ्या पानावर आहे ते? तर हसतो."

"तुम्ही कोणाजवळ बोलला होतात का?"

"मी? घरात सासऱ्यांना पत्ता नाही. फोन आला तेव्हा ते शेजारी बसलेले. त्यांनी विचारलं, कसलं चौथं पान? आता तीन दिवस झाले, जेवताना बोलत नाहीत माझ्याशी. तुमच्या भरवशावर भरलं होतं मी. चांगलं केलंत."

"पुष्पाबाई, मी शोधते..."

"शोधा. मला सांगू नका." फोन बंद.

म्हणजे ही गोष्ट डिंपलची नव्हती. मावशीची नव्हती, गल्लीची नव्हती. वेबसाइटमधूनच काहीतरी गळत होतं. रत्नाने मयुरीला पुन्हा फोन लावला. या वेळी आवाज गोड वगैरे केला नाही.

"मयुरी, मघाशी चुकले मी. माझं डोकं वाईट दिशेला गेलं. पण वेबसाइटमधून मोबाइल नंबर बाहेर जातोय. कुठून, ते मला बघायचंय. तू आहेस का?"

"आहे," मयुरी म्हणाली. राग होता, पण त्याहून जास्त उत्सुकता होती. "लॅपटॉप उघडा. ब्राउझरची ती खालची खिडकी उघडा, जिच्यात पान काय काय बाहेर पाठवतं ते दिसतं. आणि खोटा नंबर घ्या एखादा. असा, की बघितल्याबरोबर ओळखू येईल."

रत्नाने नऊ आणि पुढे सगळी शून्यं असा नंबर ठरवला. पहिलं पान. खालच्या खिडकीत दोन ओळी उमटल्या. त्यातली एक उघडली तर आत मयुरीने सांगितलं तेच: पान एक, उघडलं, आंधळा क्रमांक. दुसऱ्या पानावर तिने तो खोटा मोबाइल भरला, 'पुढे' दाबलं. तिसरं पान आलं. पुन्हा दोन ओळी.

"पहिली ओळ स्वच्छ आहे," रत्ना म्हणाली. "ही दुसरी कसली?"

"दुसरी?" मयुरी म्हणाली. "आपण तर एकच पाठवतो."

रत्नाने दुसरी उघडली. आत पानाचा पत्ता होता. वरच्या पट्टीत असतो तसा, पूर्ण. आणि त्या पत्त्याच्या शेपटाला, प्रश्नचिन्हाच्या पुढे, तिचा नऊ आणि शून्यं लख्ख दिसत होती.

रत्नाने तो पत्ता मयुरीला मोठ्याने वाचून दाखवला.

"अरे देवा," मयुरी म्हणाली. "दुसऱ्या पानाचा फॉर्म. तो कोणत्या पद्धतीने पाठवायचा ते मी लिहायचं विसरले मॅडम. ते नाही लिहिलं की भरलेली माहिती पुढच्या पानाच्या पत्त्यालाच चिकटते. आणि तिसऱ्यावरून चौथ्यावर नेताना मीच तो नंबर पत्त्यातून पुढे ढकललाय. चालत होतं म्हणून बघितलंच नाही."

"पण मोजदादीकडे हा पत्ता कोणी पाठवला?"

"ती सेवा जोडली की ती आपोआप प्रत्येक पानाचा पत्ता टिपते. आपल्या खुणा वेगळ्या, तिचं ते वेगळं. ते बंद करायचं असतं. मला वाटलं, पत्त्यात काय असणार आहे."

प्रेमराजला कळलं कसं, तेही आता रत्नाला उमगलं. मोजदाद बघायला त्याला तिनेच प्रवेश दिला होता. फक्त बघायचा, बदलायचा नाही. तिला वाटलं होतं, आलेखच तर बघेल. त्याने शेजारची 'पाने' नावाची यादी उघडली असणार, तिथे पत्ते आणि पत्त्यांच्या शेपटाला नंबर. समाजातल्या निम्म्या घरांचे नंबर त्याच्या मोबाइलमध्ये नावानिशी आहेत. पूर्ण नोंदणी झालेल्यांच्या यादीत नसलेला नंबर टाकला की अर्धवट सोडणाऱ्याचं नाव उगवतं. 'रत्नाताई पिंप्राळा' असं उगवलं असेल.

कुलूप तिने दोनदा ओढून पाहिलं होतं. मागच्या खिडकीला कडीच नव्हती.

त्या दिवशी दोघींनी मिळून पडेल ते काम केलं. मयुरीने नंबर पत्त्यातून काढला. तो आता पडद्याआडून जाऊ लागला. मोजदादीचं आपोआप टिपणं बंद केलं. आणि मधे एक चाळणी लावली: ठरलेल्या तीन गोष्टी सोडून चौथं काहीही आलं तर ते पुढे जाऊच द्यायचं नाही, मग ते कोणाच्या विसरण्याने आलेलं असो. मोजदादीतली जुनी नोंद सगळी पुसली. सर्व्हर स्वतःसाठी भेटींची जी नोंद ठेवतो, तिच्यातही हेच पत्ते असणार, हे रत्नाला सुचलं. तीही पुसली. मग पुन्हा नऊ आणि शून्यं भरून, सगळ्या ओळी उघडून, तिने पुन्हा पुन्हा पाहिलं. कुठेच काही नव्हतं. प्रेमराजचा प्रवेशही काढला.

"झालं मॅडम," मयुरी म्हणाली.

झालं नव्हतं. प्रेमराजने टिपून घेतलेले नंबर त्याच्याकडे होतेच. तो अजून कोणाकोणाला फोन करणार होता, कोणाच्या सासऱ्याच्या शेजारी तो वाजणार होता, कोणास ठाऊक. त्याला थांबवायचं तर कमिटीपुढे बोलायला हवं. आणि कमिटीपुढे बोललं की पहिला प्रश्न येणार: तुम्हाला कसं कळलं? तिथे भाईदास नाना बसलेले असणार.

गुपचूप प्रेमराजला गाठावं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण मग तो हसणार, "ताई, तुमचं गुपित माझ्याजवळ राहील" म्हणणार, आणि पुष्पाबाईंचं मात्र उघडं पडलेलं ते पडलेलंच. शिवाय त्याच्याकडे गुपित ठेवून जगणं, हे रत्नाला कुलूप न लावता झोपण्यासारखं वाटलं.

पुढच्या बैठकीत चहा यायच्या आधीच ती बोलायला उभी राहिली. काय गळलं, कसं गळलं, ते तिने सांगितलं. चूक आमच्या कामाची होती, हेही सांगितलं. मयुरीचं नाव घेतलं नाही.

प्रेमराज रागावला नाही, दुखावला. "मी काय गुन्हा केला? यादी तुम्हीच दाखवली. मी मदतीलाच फोन केले. लोक चौथ्या पानावरून पळतात. का पळतात, ते विचारायला नको? तुमचा आलेख कारण सांगतो का?"

"नाही सांगत. कुठून पळतात, एवढंच सांगतो."

"मग? नाव असल्याशिवाय कारण कळणार कसं?"

रत्नाने नानांकडे पाहिलं नाही. "मला माहीत आहे," ती म्हणाली. "मीही चौथ्या पानावरून परत गेले."

तिने लॅपटॉप सगळ्यांकडे वळवला. पडद्यावर चौथं पान होतं.

"डिंपलचा फॉर्म भरत होते. दोन नातेवाइकांचे नंबर मागितले. त्यांना लगेच संदेश जाणार होता. अजून स्थळ नाही, बघणं नाही, काहीच नाही, आणि गावभर आधीच कळणार. एकदा मोडलेल्या घराला तेवढं झेपत नाही. म्हणून पान बंद केलं. बाकीच्यांची कारणं मला माहीत नाहीत. पण त्या पानावर भीती वाटते, एवढं मी सांगू शकते. ते पान मीच लिहिलंय."

भाईदास नाना इतका वेळ काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून बसले होते. त्यांनी मान वर केली. चारचौघांत ते शुद्ध बोलत, पण त्या वेळी घरची अहिराणीच तोंडातून आली. "मना नंबर टाकाले तुले लाज वाटनी का?"

"लाज नाही नाना. धाक वाटला."

"लाज काय, धाक काय, एकच शे," नाना म्हणाले. प्रेमराज काहीतरी बोलायला गेला तसा त्यांनी हात वर केला. "तू थांब रे. मोबाइल काढ. कोणाकोणाचे नंबर टिपले ते काढून टाक. इथंच, माझ्यासमोर."

"नाना, मी समाजासाठी..."

"मी पण समाजासाठीच धुळ्याचं स्थळ आणलं होतं," नाना म्हणाले. "काढ."

प्रेमराजने मोबाइल काढला. त्याने सगळे नंबर पुसले की एखादा ठेवला, हे रत्नाला आजही ठाऊक नाही. तिने त्याच्या बोटांकडे टक लावून पाहिलं, आणि तरीही.

त्या दिवशी ठरलं ते असं: नातेवाइकांचे नंबर फॉर्ममध्ये मागायचे नाहीत. दोन्ही घरांनी एकमेकांना पसंती कळवली की मगच मागायचे, आणि संदेश घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय पाठवायचा नाही. नाना रत्नाशी न बोलताच जिना उतरले. पण खाली रिक्षा थांबवून ठेवली होती, आणि रत्ना येईपर्यंत ती हलली नाही. पिंप्राळ्याला उतरताना नाना म्हणाले, "पोरीला विचारलंस का, तिला नाव द्यायचंय का ते?"

विचारलं नव्हतं. आता विचारावं म्हणून घरी गेली तेव्हा डिंपल आधीच दारात उभी होती. बैठकीतली बातमी कोणाच्या तरी मोबाइलवरून तिच्यापर्यंत पोचली होती.

"कमाल आहे तुझी, आई," डिंपल म्हणाली. "दुसऱ्यांचं नाव कुठे उमटू नये म्हणून कॉम्प्युटरला चाळण्या लावतेस. आणि माझं नाव मला न विचारता टाकतेस?"

"तुझ्या भल्यासाठी..."

"प्रेमराजकाका पण तेच म्हणाले असतील."

रत्ना जेवली नाही. डिंपलने ताट वाढून झाकून ठेवलं.

नवीन पान चालू झालं. आता चारच पानं होती. गळती कमी झाली. पहिल्या पानावर आलेल्यांतले दहापैकी आठ शेवटपर्यंत जाऊ लागले. प्रेमराजने सुरतच्या मंडळाचं नाव काढणं बंद केलं. मयुरीने कामाचं बिल पाठवलं तेव्हा खाली लिहिलं होतं, 'मावशी बऱ्या आहेत.' रत्नाने ते वाचून हसावं की नाही, हे तिला कळेना. पुष्पाबाईंचा पुन्हा फोन आला नाही. त्या फॉर्मवर परत आल्या असत्या तरी आकड्यांवरून रत्नाला कळलं नसतं. पण मुक्ताईनगरच्या मुलींच्या नोंदी पूर्ण होऊन येत तेव्हा ती एकेक आडनाव वाचायची, आणि ते आडनाव नसायचं.

मेळाव्याच्या आधीच्या आठवड्यात प्रेमराज आलेख बघायला रत्नाच्या शेजारी येऊन बसला. आता तो तिच्याच लॅपटॉपवर, तिच्यासमोर बघायचा.

"हे बघा ताई, काल कोणीतरी शेवटच्या पानापर्यंत आलंय. फोटोच्या. आणि तिथून परत. आज पुन्हा एक प्रयत्न, पुन्हा तिथेच. एकच माणूस असेल का?"

"सांगता येत नाही. पान बंद केलं की क्रमांक नवा पडतो."

"पण कोण असेल?"

आदल्या संध्याकाळी डिंपल बाहेरच्या खोलीत मोबाइल घेऊन बसली होती. रत्ना आत गेली तसा तिने तो पालथा ठेवला होता. कपाटातून पिवळी साडी बाहेर काढून खुर्चीवर टाकलेली होती, घडी न मोडता. साडी फोटोसाठी का, हे रत्नाने विचारलं नव्हतं. जिभेवर आलेलं गिळून ती स्वयंपाकघरात गेली होती आणि उगाच डबे पुसत बसली होती.

"कोण असेल हो ताई?" प्रेमराजने पुन्हा विचारलं.

रत्नाने आलेखाकडे पाहिलं. एक बारीकशी रेघ, शेवटच्या पायरीशी येऊन थांबलेली.

"माहीत नाही," ती म्हणाली, आणि लॅपटॉप मिटला.